पंधरा ओळींची जाहिरात आणि महिन्याची अकरा तारीख

वाचकाचं पत्र

*ताई, नमस्कार. मी डोंबिवलीला राहते. बी.कॉम. झाल्यावर साडेचार वर्षं लोहार चाळीतल्या एका इलेक्ट्रिकल सामानाच्या घाऊक व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघते. अंधेरी एमआयडीसीतल्या एका औषध वितरण कंपनीची ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह, अकाउंट्स रिसीव्हेबल’ अशी जाहिरात नोकरीच्या पोर्टलवर पाहिली. सहा ओळी कामाच्या, नऊ ओळी पात्रतेच्या. मोजून पाहिलं, तर पंधरापैकी आठच माझ्याकडे आहेत. सॅप येत नाही, पॉवर बीआय येत नाही, इंड एएस नुसतं ऐकून माहीत आहे. दीर म्हणतात, सगळे शब्द रेझ्युमेत टाक, मशीन शब्दच बघतं. मैत्रीण म्हणते, निम्मंच जमतंय, कशाला पाठवतेस? जाहिरात आणि रेझ्युमे सोबत जोडते आहे. मी काय करू?*

उत्तर

नमस्कार. तुमचे दीर आणि तुमची मैत्रीण एकमेकांच्या विरुद्ध बोलताहेत असं वाटतं खरं, पण दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि तुम्हीही ती धरली आहे. पंधरा ओळींचं वजन सारखं असतं, असं तुम्ही तिघं मानता. म्हणून तुम्ही मोजणी केली. पंधरापैकी आठ या आकड्याला तसा काहीच अर्थ नाही. त्या आठांत कोणत्या ओळी आहेत आणि उरलेल्या सातांत कोणत्या, एवढंच बघायचं.

ओळींचं वजन कमीजास्त का असतं, हे जाहिरात कशी लिहिली जाते ते पाहिलं की कळतं. बऱ्याच कंपन्यांत ती एकट्या माणसाने लिहिलेली नसते. कुणीतरी राजीनामा देतं आणि त्याचा मॅनेजर एचआरला दोन ओळींचा निरोप पाठवतो: अमुक जातोय, तसाच माणूस हवा, सोमवारचा रिपोर्ट अडायला नको. एचआर जुनी फाइल उघडतं, त्यात हा निरोप मिसळतं आणि कंपनीची ठरलेली वाक्यं जोडतं. मध्ये कन्सल्टंट असेल तर तो स्वतःच्या अनुभवाने आणखी चार शब्द घालतो. मी भरतीच्या टेबलापलीकडे बरीच वर्षं बसले आहे आणि माझ्या डोळ्यांदेखत एकाच पदाची जाहिरात तीन हातांतून जाताना दुप्पट झालेली पाहिली आहे. पगार मात्र तेवढाच राहिला होता, हे जाता जाता सांगते.

थोड्या सवयीने हे तीन हात ओळखू येतात. मॅनेजरच्या ओळीत वस्तू असते: अमुक रिपोर्ट, अमुक वार, अमुक खाती. एचआरच्या ओळीत विशेषणं असतात: उत्कृष्ट, गतिमान, स्वयंप्रेरित. तुमच्या जाहिरातीत ‘दर सोमवारी एजिंग रिपोर्ट’, म्हणजे कुणाचं येणं किती दिवस थकलंय याचा तक्ता, ही ओळ ज्याने लिहिली, त्यानेच ‘नेतृत्वगुण’ लिहिलं असेल असं मला वाटत नाही. ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’च्या हाताखाली कुणी असेल असा उल्लेख सहा कामांत कुठेही नाही. मग नेतृत्व कुणाचं करायचं? ती ओळ सोडून द्या.

आता खरी कसोटी. हिशेबाच्या कामात ती फार सोपी पडते, कारण हे काम तारखांवर चालतं. जाहिरातीचा कागद समोर घ्या, शेजारी महिन्याचं कॅलेंडर ठेवा आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे येत नसलेली व्यक्ती रुजू झाली, तर पहिल्या महिन्यात कोणत्या तारखेला काम अडेल? तारीख सांगता आली तर ती ओळ अत्यावश्यक. सांगता आली नाही तर ती इच्छा.

तुमची जाहिरात अशी वाचून बघू. आधी फक्त कामाच्या सहा ओळी वाचायच्या, पात्रतेच्या नऊ झाकून ठेवायच्या. बहुतेक उमेदवार उलट करतात. पात्रतेची यादी वाचून घाबरतात आणि कामापर्यंत पोचतच नाहीत.

पहिली ओळ, ग्राहकांकडून आलेल्या रकमा सॅप या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवणे. हे रोजचं आहे, म्हणजे पहिल्याच दिवशी अडेल. दुसरी, एजिंग रिपोर्ट आणि थकबाकीचा पाठपुरावा, दर सोमवारी. तिसरी, ग्राहकांच्या खात्यांची जुळवणी, महिनाअखेरीला. चौथी, परत आलेला माल आणि दरफरक यांच्या क्रेडिट नोटा, म्हणजे ग्राहकाचं देणं तेवढं कमी करणारे कागद. पाचवी, जीएसटीआर-१ या विक्रीच्या जीएसटी विवरणासाठी डेटा तयार करून पुस्तकांशी जुळवणे. दरमहा विवरण भरणाऱ्यांना हे पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत करावंच लागतं. सहावी, ऑडिटला मदत. हे वर्षातून एकदा जोर धरतं, पहिल्या महिन्यात सहसा काही अडत नाही.

चौथी आणि पाचवी ओळ एकत्र वाचा, कारण या जाहिरातीचं मर्म तिथे आहे. औषधांच्या वितरणात मुदत संपलेला माल परत येतो, स्कीमचे फरक पडतात, दरांवरून वाद होतात, म्हणजे क्रेडिट नोटांचा ढीग असतो. कर कमी करणारी क्रेडिट नोट जीएसटीआर-१ मध्ये दाखवावी लागते. ती चुकीच्या ग्राहकाच्या नावावर पडली किंवा राहून गेली, तर ग्राहकाच्या खात्यात येणं फुगलेलं दिसतं, सोमवारच्या रिपोर्टमध्ये ते थकलेलं दिसतं आणि विक्री विभागाचा माणूस पैसे देऊन बसलेल्या दुकानदाराला फोन करतो. हे सगळं ज्याला निस्तरावं लागतं त्या मॅनेजरने चौथी ओळ लिहिली आहे. आणि गंमत बघा, पात्रतेच्या नऊ ओळींत क्रेडिट नोटांचा उल्लेखही नाही. जे कौशल्य कामात आहे पण पात्रतेत नाही, ते छुपं अत्यावश्यक असतं. ते सगळ्यांनाच येतं असं मॅनेजर धरून चालतो. रेझ्युमेत ते ठळक दाखवणारे उमेदवार कमी, कारण सगळे पात्रतेच्या यादीला उत्तर देत बसतात.

आता नऊ ओळी उघडा. प्रत्येक कौशल्याला त्याचं काम शोधून द्या. ज्याला सहांत घर मिळत नाही, ते बहुतेक वेळा इच्छा म्हणूनच लिहिलेलं असतं.

पॉवर बीआयला घर नाही. सहांत डॅशबोर्डचा उल्लेख नाही आणि सोमवारचा रिपोर्ट एक्सेलमध्ये निघतो हे ‘ॲडव्हान्स्ड एक्सेल’ या ओळीवरून दिसतं. इंड एएस या लेखामानकांनाही घर नाही. रिसीव्हेबलच्या बाजूने तो विषय थकबाकीच्या तरतुदीपाशी येतो, पण तो निर्णय या पदावर घेतला जात नाही. ‘एम.कॉम. किंवा सीए इंटर असल्यास प्राधान्य’ ही ओळ स्वतःच सांगते आहे की ती इच्छा आहे. तुमच्याकडे बी.कॉम. आहे, दार तिथेच उघडतं.

टीडीएसच्या ओळीबाबत मात्र थांबा. ती तुम्ही ‘येतं’ या रकान्यात टाकली आहे आणि रेझ्युमेत ‘टीडीएस विवरणपत्रं भरण्याचा अनुभव’ असं लिहिलं आहे. ते खरं असेल, पण या पदावर टीडीएसचं काम वेगळं आहे. इथे कंपनी पैसे घेणारी आहे. मोठे ग्राहक कर कापून रक्कम पाठवतात आणि ती तेवढीच कमी येते. कापलेला कर त्यांनी खरंच भरला का, हे आयकर पोर्टलवरच्या २६एएस या कापलेल्या करांच्या तक्त्याशी जुळवून बघावं लागतं, नाहीतर ग्राहकाच्या खात्यात बारीकसारीक रकमा वर्षानुवर्षं लोंबकळत राहतात. तुमच्या दुकानात हे तुम्हीच करत असणार. तेच लिहा. एकच शब्द दोन पदांवर दोन वेगळी कामं मागतो, आणि मशीनला शब्द दिसला तरी मुलाखत घेणाऱ्याला त्यामागचं काम हवं असतं.

‘ॲडव्हान्स्ड एक्सेल’ वाचून मॅक्रो शिकायला धावू नका. इथे त्याचा अर्थ बँक स्टेटमेंट आणि ग्राहकांची यादी VLOOKUP ने जुळवणं आणि पिव्हट टेबलने ३०, ६०, ९० दिवसांचे रकाने पाडणं असा आहे. ते तुम्हाला येतं. अशा पदांच्या मुलाखतीत पुष्कळदा लॅपटॉप पुढे सरकवून हेच करून दाखवायला सांगतात, तेव्हा आदल्या दिवशी हात फिरवून जा.

राहिलं सॅप. इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. सॅप पात्रतेत ‘मस्ट’ म्हणून आहे. नुसत्या ‘मस्ट’ शब्दाला मी फारसा मान देत नाही, कारण तो कुणीही कुठेही लिहितं. पण सॅपला पहिल्याच कामात घर आहे आणि तेही रोजचं. शिवाय तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये खाली कौशल्यांची जी यादी आहे, तिच्यात मोजक्या शब्दांना तारा आहे. तारा असलेली कौशल्यं भरती करणाऱ्याने प्राधान्याची म्हणून निवडलेली असतात. सॅपला तारा आहे, एक्सेलला आहे, अकाउंट्स रिसीव्हेबलला आहे. पॉवर बीआयला नाही. म्हणजे तिन्ही बाजूंनी साक्ष एकच येते. सॅप ही या जाहिरातीतली खरी गरज आहे.

तरीही कोणतं सॅप, हे बघावं लागतं. ‘सॅप फायको’, म्हणजे सॅपचा हिशेबाचा भाग, असं मोघम लिहिलं की सिस्टीम बसवणारा सल्लागारही त्यात येतो आणि रोज नोंदी करणारा कर्मचारीही. कामाच्या ओळींवरून इथे दुसरा अर्थ आहे हे उघड आहे. येणारी रक्कम F-28 मध्ये नोंदवायची, ग्राहकाच्या उघड्या नोंदी FBL5N मध्ये बघायच्या, जुळतील त्या बंद करायच्या. हिशेबाचं हेच तर्कशास्त्र तुम्ही टॅली प्राइममध्ये रोज वापरता: आलेली रक्कम `Agst Ref` ने त्या त्या बिलाला लावायची, बिल कळत नसेल तर `On Account` ठेवायची आणि नंतर सोडवायची. पडदा नवीन आहे, विचार नवीन नाही. हे मी दिलासा म्हणून सांगत नाही, रेझ्युमेत काय लिहायचं ते यावरून ठरतं म्हणून सांगते.

दिरांचा सल्ला इथे अंगाशी येईल. ‘सॅप’ शब्द टाकून फोन येईलही. मग समोरचा विचारेल: ग्राहकाने बिलापेक्षा कमी पैसे पाठवले, तर पार्शल करता की रेसिड्युअल? ज्याने काम केलंय त्याला माहीत असतं की पार्शलमध्ये मूळ बिल उघडंच राहतं आणि आलेली रक्कम त्याच्यासमोर दिसते, तर रेसिड्युअलमध्ये मूळ बिल बंद होऊन उरलेल्या रकमेची नवी नोंद तयार होते. ज्याने केलं नाही तो तिथेच अडखळतो, आणि त्यानंतर त्याच्या खऱ्या साडेचार वर्षांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. मशीनविषयीही थोडी भीती कमी करा. अर्ज करताना जे प्रश्न येतात, ‘सॅपचा किती वर्षांचा अनुभव?’, ‘नोटीस पीरियड किती?’, त्यांच्या उत्तरांवरून पुष्कळदा पहिली चाळणी लागते. ते प्रश्न आधी उघडून वाचा. भरती करणाऱ्याला जे खरोखर हवं असतं, तेच तो तिथे विचारतो. सॅपला शून्य लिहा. शून्यावर अर्ज गळाला तर गरज खरी होती.

तेव्हा तुमचा हिशेब असा दिसतो. या जाहिरातीत खऱ्या गरजा सहा: रकमांच्या नोंदी (सॅप), एजिंग आणि वसुली, खात्यांची जुळवणी, क्रेडिट नोटा, जीएसटीआर-१ चा डेटा, आणि या सगळ्याच्या तळाशी एक्सेल. सहापैकी पाच तुमच्याकडे पक्क्या आहेत आणि सहावीचं शेजारचं कौशल्य आहे. माझा स्वतःचा आडाखा असा आहे: खऱ्या गरजांपैकी एक नसेल आणि तिच्या शेजारचं काही हातात असेल, तर अर्ज करावा. दोन नसतील तर तो वेळ दुसऱ्या जाहिरातीला द्यावा. तुम्ही अर्ज करा.

रेझ्युमे बदलताना सगळा बदलू नका. पहिल्या पानाचा वरचा भाग आणि सध्याच्या नोकरीखालच्या ओळींचा क्रम, एवढंच बदलायचं. आत्ता तिथे ‘जीएसटी, टीडीएस, बँकिंगसह अकाउंट्सची सर्व कामे’ असं वाक्य आहे. त्यातून कुणाला काहीच कळत नाही. त्या जागी अशा अर्थाच्या ओळी इंग्रजीत लिहा: सुमारे १८० व्यापारी ग्राहकांच्या खात्यांची दरमहा बिलनिहाय जुळवणी. माल परतावा आणि दरफरकाच्या क्रेडिट नोटा तयार करून जीएसटीआर-१ शी मेळ. आठवड्याचा एजिंग रिपोर्ट आणि ६० दिवसांवरील थकबाकीचा फोनवरून पाठपुरावा. ग्राहकांनी कापलेल्या टीडीएसची २६एएसशी पडताळणी. १८० हा आकडा तुमच्याच रेझ्युमेत तिसऱ्या पानावर एका कोपऱ्यात सापडला. तो पहिल्या पानावर आणा. आणि टॅलीची ओळ लिहिताना ‘टॅलीचे ज्ञान’ लिहू नका, ‘टॅली प्राइममध्ये बिलनिहाय जमा नोंदी आणि ऑन अकाउंट रकमांची सोडवणूक’ लिहा. सॅप जाणणारा मॅनेजर ती ओळ वाचून मनातल्या मनात भाषांतर करतो. कौशल्यांच्या यादीत सॅप नको. एखादा छोटा कोर्स केलात तर तो ‘प्रशिक्षण’ म्हणून वेगळा दाखवा, अनुभवात मिसळू नका.

‘औषध क्षेत्राचा अनुभव असल्यास उत्तम’ या ओळीला वेगळं उत्तर द्यायची गरज नाही. क्रेडिट नोटांची ओळ तेच काम करते. इंग्रजी संभाषणाची ओळ एचआरची आहे, पण तिच्यामागे वसुलीचे फोन आणि ग्राहकांना जाणारे ईमेल आहेत, तेव्हा पाठपुराव्याच्या ओळीत ईमेलचाही उल्लेख करा.

‘वेस्टर्न लाइनवरील उमेदवारास प्राधान्य’ वाचून मुंबईतली अर्धी सेंट्रल लाइन खचते. ही कौशल्याची अट नाही, वेळेवर येण्याबद्दलची शंका आहे, आणि विचारलं तर घाटकोपरहून मेट्रोने येईन एवढं सांगितलं की बहुतेक वेळा पुरतं. त्याच ओळीतला ‘तात्काळ रुजू’ हा भाग मात्र हलका घेऊ नका. ती जागा रिकामी झाली असेल तर कुणीतरी दोघांचं काम ओढत असणार. तुमचा नोटीस पीरियड ३० दिवसांचा आहे तो रेझ्युमेत वरच लिहा, म्हणजे नंतर वाद नको.

ही कसोटी कुठे चालत नाही, तेही सांगते, कारण हे सदर इतरही वाचतात. सरकारी खात्यांच्या आणि सरकारी बँकांच्या भरतीत जाहिरातीतली पात्रतेची ओळ म्हणजे अट असते. पदवी, वय, अमुक तारखेपर्यंतचं प्रमाणपत्र, यांत इच्छा आणि गरज असा भेद नाही, शेजारचं कौशल्य चालत नाही. जिथे कामाच्या ओळी अजिबात नसतात, नुसती पात्रतेची लांबलचक यादी असते, तिथेही कॅलेंडर लावायला काही मिळत नाही. मग त्याच कंपनीची त्याच पदाची आधीची जाहिरात शोधून दोन्ही शेजारी ठेवा. दोन्हींत टिकून राहिलेल्या ओळी खऱ्या. महिन्याभराने तीच जाहिरात पुन्हा लागली आणि ‘मस्ट’चं ‘प्राधान्य’ झालेलं दिसलं, तर त्या अटीवर माणूस मिळाला नाही असं समजा आणि तेव्हा नक्की पाठवा.

अर्ज केल्यावर एचआरचा फोन आला, तर ‘सॅप येत नसेल तर चालेल का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येणार, कारण फोनवरची व्यक्ती कागद बघून बोलते. त्याऐवजी विचारा: रोजच्या नोंदी आत्ता कोण करतं, आणि नवीन व्यक्तीला त्यांच्याकडून काम समजून घ्यायला किती दिवस मिळतील? ‘पंधरा दिवस, महिनाभर’ असं उत्तर आलं तर मुलाखतीला जाताना जमा-नोंदीच्या मूळ तयारीवर भर द्या. ‘ते गेल्या महिन्यातच सोडून गेले, पहिल्या दिवसापासून करावं लागेल’ असं उत्तर आलं, तर या जागेवर तासन्‌तास घालवू नका. तुम्ही पत्राच्या शेवटी मुलुंडच्या एका वितरकाची जाहिरात जोडली आहे, टॅली मागणारी, पगार थोडा कमी. तिच्या कामाच्या ओळींत वसुली पहिली आहे आणि क्रेडिट नोटा तिसऱ्या. हाच रेझ्युमे तिथे चालेल. पाठपुराव्याची ओळ सगळ्यात वर घ्या आणि आज रात्रीच पाठवून द्या.